फ्रिजच्या नळाला पाणी कमी येतं किंवा थेंब गळतात: फिल्टर बदलण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

दारातून थंड पाणी देणाऱ्या फ्रिजची धार बारीक झाली की बहुतेक घरांत आधी नवा फिल्टर मागवला जातो. दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. कधी सकाळी पाणी अजिबातच येत नाही. मग कोणीतरी सांगतं की आत बर्फ झालाय, रात्रभर फ्रिज बंद ठेवा. तेही केलं जातं आणि आठवड्याभरात नळी पुन्हा गोठते. दोन्ही उपाय तसे बरोबर आहेत, फक्त उलट्या क्रमाने केलेले असतात.

हा लेख पाण्याच्या लाईनला जोडलेल्या, दोन उभ्या दारांच्या साईड-बाय-साईड फ्रिजबद्दल आहे. यात फ्रीझरच्या दारातून पाणी येतं. दाराच्या आत हाताने भरायची टाकी असलेला छोटा फ्रिज असेल तर त्यात नळी गोठण्याचा प्रश्न सहसा नसतो. तिथे टाकी काढून धुवायची, तळातल्या रबरी वायसरवरचा क्षार काढायचा आणि टाकी नीट खटकन बसवायची. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

## आधी हे समजून घ्या

फ्रिजच्या मागे, तळाशी एक इनलेट व्हॉल्व्ह असतो. दारातला दांडा दाबला की तो विजेवर उघडतो आणि सोडला की बंद होतो. बंद होताना त्याला पाण्याच्या दाबाची मदत लागते. दाब फार कमी असला तर त्याचा पडदा घट्ट बसत नाही आणि पाणी थेंबाथेंबाने पुढे सरकत राहतं. पुढची नळी फ्रीझरच्या दारातून वर जाते, म्हणजे उणे अठरा अंशांच्या शेजारून. भरपूर धारेने वाहणारं पाणी तिथे गोठत नाही, पण हळूहळू झिरपणारं गोठतं.

म्हणून कमी दाब, तुंबलेला फिल्टर आणि गोठलेली नळी ही तीन वेगळी दुखणी दिसत असली तरी बहुतेक वेळा पहिली दोन मिळून तिसरं तयार करतात. मागचं तसंच ठेवून नुसता बर्फ वितळवला तर तो परत होणारच. तपासणी टाकीकडून नळाकडे करायची ती यासाठी.

लातूरच्या एका घरातला फ्रिज आपण पायरीपायरीने पाहू. घर एकमजली, स्वयंपाकघर तळमजल्यावर, हजार लिटरची टाकी वरच्या स्लॅबवर दोन फुटी ओट्यावर. महानगरपालिकेचं पाणी काही दिवसांनी एकदा, मधल्या दिवसांत बोअर, उन्हाळ्यात टँकर. तक्रार अशी की धार कायम बारीक, दांडा सोडल्यावर थेंब पडत राहतात आणि सकाळी कधीकधी पाणीच येत नाही.

## तयारी

मिलिलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र, मोबाईलचं स्टॉपवॉच, एक बादली, दोन जुने टॉवेल, धारदार ब्लेड, सुई नसलेली मोठी सिरिंज आणि फ्रिजचं मॅन्युअल एवढं जवळ ठेवा. फ्रिजसोबत आलेल्या पिशवीत एखादं प्लास्टिकचं बूच होतं का तेही शोधा. ते बायपासचं बूच असतं. फिल्टरच्या जागी ते बसवलं की पाणी फिल्टरशिवाय पुढे जातं. काही मॉडेलमध्ये त्याची गरज नसते, फिल्टर काढला की रस्ता आपोआप मोकळा होतो. तुमचं मॉडेल कोणतं ते मॅन्युअलमध्ये पाहा.

फ्रिजकडे जाणाऱ्या पाव इंची नळीवर कॉक कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा. नळी सुटल्यावर ओट्याखाली वाकून कॉक शोधायची वेळ येऊ देऊ नका.

सावधान: इनलेट व्हॉल्व्हला घरची वीज येते. फ्रिज पुढे ओढून मागे हात घालण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

## 1. धार मोजा

टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असताना मोजपात्र नळाखाली धरा, दांडा बरोबर 10 सेकंद दाबा आणि आकडा लिहून ठेवा. साधारण 170 मिलि किंवा त्याहून जास्त पाणी आलं तर धार ठीक आहे. त्याच्या निम्मंच आलं तर कुठेतरी अडलंय. तीनदा मोजा. पहिल्यांदा चांगलं आणि नंतर कमी होत गेलं, तर दाब कमी असल्याचा संशय तिथेच धरा.

पाणी अजिबात येत नसेल तर दांडा दाबून फ्रिजच्या मागे कान द्या. बारीक गुणगुण ऐकू आली तर व्हॉल्व्ह उघडतोय आणि पाणी पुढे किंवा मागे अडलंय. काहीच आवाज नसेल तर आधी पॅनेलवर लॉक लागलंय का ते पाहा. लहान मुलं असलेल्या घरात अर्ध्या वेळा तेच निघतं. लॉक नसूनही आवाज येत नसेल तर दोष विजेचा आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठी नाहीत, मेकॅनिकला बोलवा.

लातूरच्या घरात 10 सेकंदांत 70 मिलि पाणी आलं.

## 2. फिल्टर बाजूला करून पुन्हा मोजा

कॉक बंद करा, दांडा दाबून आतला दाब सोडा, फिल्टर काढा, बायपासचं बूच लावा आणि कॉक हळू उघडा. थोडं पाणी वाया घालवून हवा जाऊ द्या आणि मग परत 10 सेकंद मोजा.

आकडा दुपटीच्या आसपास गेला तर दोषी फिल्टरच. जेमतेम वाढला तर नवा फिल्टर आत्ता विकत घेऊ नका, अडथळा दुसरीकडे आहे. लातूरला 70 चे 80 झाले. म्हणजे नव्या फिल्टरवर घातलेले पैसे पाण्यातच गेले असते.

फिल्टर काढलाच आहे तर त्याच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. तांबूस गाळ हाताला लागला तर टाकीच्या तळाचं पाणी थेट फ्रिजमध्ये येतंय. फ्रिजचा फिल्टर म्हणजे आत दाबलेल्या कोळशाचा ठोकळा. तो वास आणि क्लोरीन कमी करतो. गाळ अडवायचं काम त्याच्याकडून करून घेतलं तर सहा महिन्यांचा फिल्टर दोन-तीन महिन्यांतच बसतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्याने कमी होत नाही आणि दूषित पाणीही पिण्यालायक होत नाही. बायपास लावून मोजलेलं पाणी कुंड्यांना घाला, पिऊ नका.

## 3. मागची नळी सोडून दाब बघा

मराठवाड्यातल्या घरांत खरा घोळ बहुतेक वेळा याच पायरीवर सापडतो आणि हीच पायरी सगळे टाळतात, कारण फ्रिज पुढे ओढावा लागतो.

प्लग काढा, कॉक बंद करा. व्हॉल्व्हला लागलेली नळी पुश फिटिंगची असेल तर तिच्याभोवतीची छोटी रिंग आत दाबून धरा आणि नळी सरळ ओढा. रिंग न दाबता ओढली तर नळी येत नाही आणि फिटिंग मात्र खराब होतं. नळीचं तोंड बादलीत धरून कॉक पूर्ण उघडा, एक मिनिट पाणी भरा आणि मोजा.

हिशोब सोपा आहे. 10 सेकंदांत 170 मिलि म्हणजे मिनिटाला साधारण एक लिटर. पुढे कसलाही अडथळा नसलेली ही मोकळी नळीच मिनिटाला एक लिटर देत नसेल, तर व्हॉल्व्ह, फिल्टर आणि दारातली लांब बारीक नळी पार करून तेवढं पाणी नळाला येणं शक्यच नाही. मोकळ्या नळीतून दोन लिटर किंवा जास्त आलं तर पुरवठा ठीक समजा आणि पुढच्या पायरीवर जा.

लातूरला 900 मिलि आलं. कारण स्लॅबकडे बघितलं तरी कळतं. पाण्याची उंची साधारण 10 मीटर असेल तेव्हा 1 बार दाब मिळतो. अशा फ्रिजना बहुधा किमान 1.4 बार लागतो, मॅन्युअलमध्ये तो 20 पीएसआय असा लिहिलेला सापडेल. म्हणजे टाकीतलं पाणी फ्रिजच्या व्हॉल्व्हपासून 14 मीटर, जवळपास 46 फूट वर हवं. या घरात ते होतं जेमतेम 13 फूट, म्हणजे 0.4 बार. पाचमजली इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्याचा फ्रिज नीट चालतो आणि वरच्या मजल्यावरच्याचा चालत नाही, तो यामुळेच. फ्रिज एकच असला तरी.

मोकळ्या नळीला पाणी कमी आलं तर लगेच पंपाकडे धावू नका. आधी कॉक पूर्ण उघडतोय का, नळी फ्रिजमागे चेपली गेली आहे का आणि मुख्य पाईपवरचा टी गाळाने अर्धा भरलाय का ते पाहा. हे सगळं ठीक असेल तरच दाब कमी आहे असं धरा. त्यावर इलाज म्हणजे टाकीच्या खालच्या पाईपवर प्रेशर स्विच असलेला छोटा बूस्टर पंप. तो नळ उघडला की सुरू आणि बंद केला की बंद होतो. कोरडा चालला तर आपोआप थांबणाराच घ्या, कारण आपल्याकडे टाकी रिकामी होण्याचे दिवस काही कमी नसतात. पंप टाकीनंतरच लावायचा. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका.

एक नेहमीची चूक: फ्रिज भिंतीवरच्या आरओच्या पाण्याला जोडणं. ‘मावशी, आरओचंच पाणी देतो फ्रिजला, फिल्टरचा खर्च वाचेल,’ असं सांगून प्लंबर जोडणी करून जातो. पण भिंतीवरच्या आरओची आतली टाकी साधी असते, तिच्यात दाब नसतो. पाणी फक्त उतारामुळे तोटीला येतं, तेही फ्रिजच्या नळापेक्षा फूटभर उंचीवरून. अशा जोडणीवर व्हॉल्व्ह धड उघडतही नाही आणि धड बंदही होत नाही. आरओचंच पाणी हवं असेल तर आरओ आणि फ्रिज यांच्यामध्ये दाब देणारी बंद टाकी किंवा वेगळा पंप लागतो.

पंप बसवताना त्याच्या पुढे फ्रिजच्या नळीवर आरओच्या आधी लावतात तसला पांढऱ्या स्पन कँडलचा बाऊल फिल्टर लावून घ्या, 5 मायक्रॉनचा. गाळ तिथेच अडतो. कँडल स्वस्त असते आणि ती तांबडी झालेली बाहेरूनच दिसते.

लातूरला पंप चालू केल्यावर जुन्या फिल्टरसकट 130 मिलि आलं आणि बायपास लावून 190. म्हणजे फिल्टरही अर्धा बसलेला होता, पण दाबच नसल्यामुळे ते आधी कळलं नाही. दुसऱ्या पायरीत फिल्टर निर्दोष ठरला आणि तिसरीत कमी दाब सापडला, तर दाब वाढवल्यावर दुसरी पायरी पुन्हा करा.

तपासा: नळी परत बसवताना टोक ब्लेडने काटकोनात कापा, आत जाईल तेवढी ढकला आणि मग हलकं ओढून पाहा. कॉक उघडून फिटिंगखाली कोरडा कागद 10 मिनिटं ठेवा. कागद कोरडा राहिला तरच फ्रिज मागे सरकवा. सरकवताना नळीचा मोठा वळसा राहू द्या.

## 4. बर्फ कुठे आहे ते शोधा

पुरवठा आणि फिल्टर ठीक आहेत, व्हॉल्व्हची गुणगुण येते, तरी नळ कोरडा असेल तर नळी गोठलेली आहे. ती दोनपैकी एका जागी गोठते.

बहुतेक वेळा फ्रीझरच्या दारात. फ्रिजच्या पुढच्या बाजूची खालची जाळी काढली की दाराच्या खालच्या बिजागरीजवळ नळीचा जोड दिसतो. तो सोडा आणि फ्रिजकडून येणारं टोक बाटलीत घाला. दार बंद करून कोणाला तरी दांडा दाबायला सांगा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडं असताना पाणी सुटत नाही. बाटलीत जोरात पाणी आलं तर बर्फ दारातच आहे. खात्रीसाठी दारात जाणाऱ्या टोकाला सिरिंज लावून हवा ढकला. हवा पुढे गेली नाही तर निदान पक्कं.

बाटलीतही पाणी आलं नाही तर गुंडाळलेली साठवण नळी किंवा छोटी टाकी गोठली असेल. ती फ्रिजच्या कप्प्यात, सहसा भाजीच्या ड्रॉवरमागे असते. पालेभाजीच्या कडा काळपट, काचेसारख्या होत असतील तर तिकडेच बघा. फ्रिजचा कप्पा शून्याच्या जवळ गेलाय असा त्याचा अर्थ.

नळी का गोठली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मे महिन्यात बर्फ लवकर व्हावा म्हणून फ्रीझर सगळ्यात खाली नेलेला असतो आणि पावसाळा आला तरी तो तिथेच राहतो. सुट्टीत घर बंद असलं की नळीतलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही, त्यानेही गोठतं. दाराचं रबर ढिलं असेल तर दमट हवा आत शिरून दाराच्या आतल्या बाजूला बर्फ साचतो. दहाची नोट रबरात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर त्या जागी रबर धरत नाही.

## 5. बर्फ वितळवा, घाई न करता

फ्रीझरमधलं सामान थर्मोकोलच्या खोक्यात भरा, प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा. दार सताड उघडं ठेवून खाली टॉवेल पसरा आणि टेबलफॅनचा झोत दाराच्या आतल्या बाजूवर सोडा. उन्हाळ्यात तीन-चार तास पुरतात, डिसेंबरात परभणीकडच्या थंडीत रात्रभर लागू शकते. दर तासाला सिरिंजने हवा ढकलून पाहा. हवा बुडबुडत पुढे गेली की काम झालं.

घाई असेल तर सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन बिजागरीकडच्या टोकातून थोडं थोडं ढकला. आंघोळीच्या पाण्याहून गरम नको. नळाच्या तोंडाशी हेअर ड्रायर कमी आचेवर, वीतभर लांब आणि सतत हलता धरा.

सावधान: उकळतं पाणी ओतू नका, आतलं प्लास्टिक तडकतं. तार, दाभण, विणायची सुई नळीत घालू नका. ही नळी दाराच्या फोममध्ये पुरलेली असते. तिला भोक पडलं तर पुष्कळ मॉडेलमध्ये अख्खं दार बदलावं लागतं.

सुरू करताना फ्रीझर उणे 18 वर आणि फ्रिज 3 किंवा 4 अंशांवर ठेवा. पहिले 24 तास ‘पॉवर फ्रीझ’ लावू नका.

## 6. नवा फिल्टर आणि नळीतली हवा

आता फिल्टर बदला. नवा फिल्टर हाताने घट्ट, खटका लागेपर्यंत बसवा आणि कॉक हळू उघडा. मग 5 सेकंद दांडा दाबा, 5 सेकंद सोडा, असं करत साधारण 10 ते 12 लिटर पाणी काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, एखाद्या पोराला बसवा. सुरुवातीला धार फुरफुरते आणि पाण्यात काळसर कण येतात, ते कोळशाचे असतात. पाणी स्वच्छ आणि धार अखंड झाल्यावर परत 10 सेकंद मोजा आणि आकडा तारखेसह फिल्टरवरच मार्करने लिहा. लातूरला 180 भरलं. पुढे हा आकडा 130 च्या खाली गेला की फिल्टर बदलायची वेळ झाली. पाणी गढूळ येत असेल तर तोपर्यंत सहा महिने झालेले असतीलच असं नाही. आणि धार चांगली असली तरी कंपनीने सांगितलेल्या मुदतीपलीकडे फिल्टर वापरू नका.

## 7. तरीही थेंब पडतात?

दांडा सोडल्यावर दोन-चार थेंब पडणं हा दोष नाही. मिनिट-दोन मिनिटं थेंब पडून थांबत असतील तर नळीत हवा आहे. पाणी चालू असताना ती दबलेली असते, बंद झालं की फुगते आणि पुढचं पाणी बाहेर ढकलते. सहावी पायरी परत करा.

तासन्‌तास थेंब पडत असतील तर फ्रिजचा कॉक बंद करून अर्धा तास थांबा. थेंब थांबले तर इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. दाब वाढवूनही तो गळत असेल तर त्याच्या पडद्यावर वाळूचा कण किंवा क्षार बसलाय. काही व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. प्लग काढून आणि कॉक बंद करून ती काढून धुता येते, पण त्याआत जाऊ नका. व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करण्यापेक्षा मॉडेल नंबर देऊन नवा बसवलेला बरा. आणि हे काम लांबवू नका, गळणाऱ्या व्हॉल्व्हचं पाणी दारात जाऊन परत गोठतं.

नळाच्या तोंडाला पांढरी पुटं दिसत असतील तर व्हिनेगरात भिजवलेलं फडकं 15 मिनिटं गुंडाळून पुसून घ्या. त्याने धार सरळ होते, वाढत मात्र नाही.

## टँकर येईल त्या दिवशी

टाकी तळाला गेली की फ्रिजच्या नळीत हवा शिरते आणि टँकरची जाड धार पडली की तळाचा गाळ ढवळून वर येतो. पाठोपाठ कोणीतरी दांडा दाबतं आणि तो गाळ कँडलमध्ये, तिथून सुटलेला फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी भरायला घेण्याआधी फ्रिजचा कॉक बंद करा आणि भरल्यावर दोन तास तसाच ठेवा. नंतर आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाणी निवळ येतंय का ते बघा. मग फ्रिजचा कॉक उघडा आणि पहिलं दोन लिटर पाणी बादलीत जाऊ द्या. टाकी धुवायच्या दिवशीही असंच. घर आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तर जाताना कॉक बंद करून दांडा दाबा आणि नळीतला दाब सोडून द्या. आल्यावर पहिलं पाणी पिऊ नका.

हे सगळं करूनही 15 दिवसांच्या आत नळी दुसऱ्यांदा गोठली, तर दारातला हीटर (काही मॉडेलमध्ये नळीशेजारी असतो) किंवा तापमानाचा सेन्सर तपासावा लागेल. मेकॅनिकला फोन करताना तीन आकडे हाताशी ठेवा: फिल्टरसकट 10 सेकंदांचं पाणी, बायपास लावून 10 सेकंदांचं पाणी आणि मोकळ्या नळीचं एका मिनिटाचं पाणी. ते ऐकल्यावर ‘आधी फिल्टर बदलून बघा’ असं तो सांगणार नाही. सांगितलंच तर दुसरा मेकॅनिक बघा.